ताराबाईंचं पुस्तक ओ'हॅन्लन यांनी लिहिलं?

महाविद्यालयातल्या एका स्पर्धेसाठी आलेला निबंध मध्यंतरी वाचायला मिळाला. विषय होता ताराबाई शिंदे. लिहिणाऱ्या मुलीनं मेहनत घेतली होती, भाषाही सरळ आणि नेटकी होती. शेवटची संदर्भसूची बघताना मात्र थबकलो. तिथं लिहिलं होतं : ओ'हॅन्लन, रोझालिंड, स्त्री-पुरुष तुलना, १९९४.

म्हणजे काय, तर १८८२ मध्ये बुलढाण्याच्या एका बाईनं लिहिलेलं पुस्तक या ओळीत एका ब्रिटिश इतिहासकार बाईंच्या नावावर गेलं. तेही शंभराहून जास्त वर्षांनी. मुलीनं काही ढापलं नव्हतं. तिनं ओ'हॅन्लन यांचं इंग्रजी पुस्तक प्रामाणिकपणे वाचलं होतं. निबंध मराठीत आहे तर सूचीही मराठीत हवी, असं वाटून तिनं पुस्तकाच्या नावाचं भाषांतर केलं, एवढंच. आणि त्या इंग्रजी नावाचं मराठी करायला गेलं की नेमकं ताराबाईंच्याच पुस्तकाचं नाव हाती येतं!

मराठीत संदर्भ देऊन निबंध लिहायचा म्हटलं की अशा जागा पावलोपावली लागतात. कॉलेजात संदर्भ देण्याची जी पद्धत शिकवतात, ती बहुतेक वेळा इंग्रजी निबंधासाठी बनलेली असते. मराठी आणि इंग्रजी पुस्तकं एकाच निबंधात शेजारी बसली की काय करायचं, हे तिच्यात फारसं नसतं. मग जो तो आपल्या मनानं करतो. एका पानावर 'ओ'हॅन्लन', दुसऱ्यावर 'ओहानलॉन' आणि सूचीत रोमन लिपी. वाचणाऱ्याला वाटतं, ही तीन वेगळी माणसं आहेत.

तर हेच उदाहरण घेऊन बघू. ताराबाईंवर निबंध लिहायचा आहे. टेबलावर काय काय येईल?

मूळ पुस्तक १८८२ चं. पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापलेलं, प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला बालहत्येच्या आरोपाखाली फाशीची शिक्षा झाली होती, पुढे ती कमी होऊन काळ्या पाण्याची झाली. त्या प्रकरणावर वर्तमानपत्रात जे छापून आलं, त्याच्या संतापातून हे पुस्तक झालं. नंतर ते विस्मरणात गेलं. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते संपादित करून पुन्हा छापलं, आणि आज आपण ताराबाईंविषयी बोलू शकतो ते बरंचसं त्यामुळे. १९९१ मध्ये सुझी थरू आणि के. ललिता यांनी संपादित केलेल्या 'विमेन रायटिंग इन इंडिया'च्या पहिल्या खंडात त्यातला काही भाग माया पंडित यांच्या इंग्रजी अनुवादात आला. १९९४ मध्ये ओ'हॅन्लन यांचा इंग्रजी अनुवाद ऑक्सफर्डनं काढला. त्याला त्यांची स्वतःची दीर्घ प्रस्तावनाही आहे.

म्हणजे एका पुस्तकाभोवती चार सालं आणि पाच-सहा माणसं. निबंधात यातलं कोण, कुठे आणि कोणत्या नावानं येणार, हे लिहायला बसण्यापूर्वीच ठरवायला हवं. नंतर ठरवू म्हटलं की ते होत नाही, हा स्वानुभव.

पहिला प्रश्न सालाचा. निबंधात '(शिंदे, १९७५)' असं लिहिलं तर नियमाला धरून असतं, पण वाचणाऱ्याला ताराबाई आणीबाणीच्या काळातल्या लेखिका वाटतील. '(शिंदे, १८८२)' लिहिलं तर ते खोटं आहे, कारण तुमच्या हातात १८८२ ची प्रत नाही आणि तुम्ही देताय तो पान क्रमांक मालशे यांच्या आवृत्तीतला आहे. यावर साधा उपाय म्हणजे दोन्ही सालं द्यायची : (शिंदे, १८८२/१९७५, पृ. अमुक). आधी लेखनाचं साल, मग हातातल्या प्रतीचं. पान नेहमी दुसऱ्या सालाच्या प्रतीतलं. सूचीत मालशे यांचं नाव संपादक म्हणून आलंच पाहिजे. ते गाळलं तर ज्या माणसामुळे पुस्तक परत वाचकांपर्यंत आलं, त्याचाच पत्ता कापला जातो.

जुन्या मराठी पुस्तकांवर पुष्कळदा शके असतो. त्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो. मात्र वर्षाच्या सुरुवातीचे, म्हणजे जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतचे महिने असतील तर ७९ मिळवायचे. महिना कळत नसेल तर शके तसाच ठेवून पुढे कंसात इसवी सन द्यावा. एका ठिकाणी शके आणि एका ठिकाणी सन, अशी खिचडी नको.

दुसरा प्रश्न अवतरणाचा, आणि माझ्या मते सगळ्यात गंभीर चूक इथेच होते.

मालशे यांची आवृत्ती प्रत्येकाला मिळतेच असं नाही. ओ'हॅन्लन यांचं पुस्तक मित्राकडून मिळतं किंवा ग्रंथालयात असतं. मग होतं असं की, ताराबाईंचं एक जळजळीत वाक्य इंग्रजीत वाचलं, आवडलं, स्वतः त्याचं मराठी केलं आणि अवतरणचिन्हांत टाकून दिलं : 'ताराबाई म्हणतात...'. पण ताराबाई तसं म्हणतच नाहीत. त्यांनी जे म्हटलं ते मराठीत, त्यांच्या काळच्या, त्यांच्या घरच्या मराठीत. त्याचं इंग्रजी झालं आणि त्या इंग्रजीचं तुम्ही आजचं मराठी केलंत. इंग्रजीत 'ड्युटी' दिसलं म्हणून तुम्ही 'कर्तव्य' लिहिता. मुळात तिथं 'धर्म' असेल तर? एकोणिसाव्या शतकात बाई 'धर्म' म्हणते तेव्हा सगळा वाद त्या एका शब्दावर चाललेला असतो. तुमच्या निबंधात तो वादच नाहीसा झाला. वर ताराबाईंच्या तोंडी पेपरातलं मराठी आलं ते वेगळंच.

हे करून पाहायचं असेल तर सोपा मार्ग आहे. थरू-ललिता यांच्या खंडात जो भाग आहे, तोच ओ'हॅन्लन यांच्या पुस्तकात शोधा. दोन अनुवादकांची इंग्रजी वाक्यं वेगवेगळी दिसतील. दोन मैत्रिणींना एकेक परिच्छेद द्या आणि मराठी करायला सांगा. ताराबाईंची दोन वेगळी 'मूळ' वाक्यं तयार होतील, आणि खऱ्या मूळ वाक्याशी दोन्ही जुळणार नाहीत.

मी स्वतः हा प्रकार केलेला आहे. एम.ए.ला असताना घाईत इंग्रजीवरून मराठी केलेलं अवतरण दिलं होतं. बाईंनी मागच्या कपाटातून मराठी पुस्तक काढून ते पान माझ्यासमोर ठेवलं. काही बोलल्या नाहीत. मीही काही बोललो नाही.

म्हणून नियम कडक ठेवा. मूळ मराठी असलेलं वाक्य अवतरणचिन्हांत द्यायचं तर ते मराठी प्रतीवरूनच उतरवायचं. जुन्या शुद्धलेखनासकट, अनुस्वारांसकट, आपल्याला चुकीचं वाटलं तरी. मराठी प्रत मिळालीच नाही तर अवतरणचिन्हं काढून टाकायची आणि आशय आपल्या शब्दांत सांगायचा. संदर्भात प्रामाणिकपणे लिहायचं : (शिंदे, १८८२, अनु. ओ'हॅन्लन, १९९४, पृ. अमुक). वाचणाऱ्याला लगेच कळतं की तुम्ही अनुवादावरून बोलताय. यात कमीपणा काही नाही.

आणि ओ'हॅन्लन यांचं स्वतःचं म्हणणं असेल तर? त्यांच्या प्रस्तावनेतला एखादा मुद्दा घेतला तर तो त्यांचा, ताराबाईंचा नव्हे. तिथं संदर्भ (ओ'हॅन्लन, १९९४, पृ. अमुक) एवढाच. एकाच पुस्तकातल्या दोन पानांना दोन वेगळ्या तऱ्हेनं संदर्भ द्यावा लागतो, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण विचार करा, एका पानावर लेखिका बोलतेय आणि दुसऱ्यावर अनुवादिका. दोघींमध्ये शंभर वर्षांचं अंतर आहे. त्यांच्या इंग्रजी वाक्याचं मराठी करून अवतरण द्यायला हरकत नाही, कारण मूळ मराठी वाक्य अस्तित्वातच नाही. फक्त 'भाषांतर माझं' असं सांगायचं. दर वेळी सांगायची गरज नाही, पहिल्या अवतरणाशी तळटीप टाकून 'इंग्रजी अवतरणांचं भाषांतर सर्वत्र माझं' असं म्हटलं की झालं.

आता लिपीचा प्रश्न. यावर मात्र सल्ले देणारे आपसांत भांडतात. काही जण म्हणतात, मराठी निबंधात सगळं देवनागरीत हवं. काही म्हणतात, इंग्रजी पुस्तकं रोमनमध्येच हवीत आणि सूची दोन करा, एक मराठी ग्रंथांची आणि एक इंग्रजी ग्रंथांची. मला दोन्ही पटत नाही.

सगळं देवनागरीत केलं तर इंग्रजी पुस्तक सापडत नाही. ग्रंथालयाच्या संगणकावर शोधायचं म्हटलं तर तिथं `O'Hanlon` असंच टाइप करावं लागतं. 'ओ'हॅन्लन' टाकून काही हाती लागेल याचा भरवसा नाही. संदर्भ द्यायचा तो पुढच्या माणसाला ते पुस्तक सापडावं म्हणून. सापडत नसेल तर ती ओळ नुसती शोभेची.

आणि दोन सूच्या केल्या तर धनंजय कीर कुठे जाणार? ताराबाईंवर लिहिताना जोतीराव फुले येणारच, कारण त्यांनी ताराबाईंची बाजू जाहीरपणे घेतली होती. फुले आले की कीरही येतात. त्यांनी फुल्यांचं चरित्र १९६४ मध्ये इंग्रजीत लिहिलं आणि ते मराठीतही लिहिलं. दोन सूच्या असतील तर एकच माणूस दोन ठिकाणी दोन लिप्यांत जातो. पंडिता रमाबाईंचंही तसंच. 'स्त्रीधर्मनीति' मराठीत, 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' इंग्रजीत. वाचणाऱ्यानं निबंधात '(रमाबाई, १८८७)' वाचलं तर ते कोणत्या सूचीत बघायचं, हे त्याला आधीच ठाऊक कसं असणार?

मी वापरतो ती पद्धत अशी. सूची एकच, देवनागरीच्या वर्णक्रमानं. प्रत्येक नोंदीच्या सुरुवातीला देवनागरीत आडनाव आणि साल, निबंधातल्या कंसात आहे अगदी तसंच. त्यानंतर पुस्तकाचा पूर्ण तपशील, पुस्तकाच्या शीर्षकपानावर ज्या लिपीत छापलाय त्या लिपीत. म्हणजे ओ'हॅन्लन यांची नोंद 'ओ'हॅन्लन, १९९४' अशी सुरू होईल आणि पुढे लेखिकेचं पूर्ण नाव, पुस्तकाचं नाव, प्रकाशक, गाव हे सगळं रोमनमध्ये येईल. मालशे यांच्या आवृत्तीची नोंद 'शिंदे, १८८२/१९७५' अशी सुरू होऊन पूर्ण देवनागरीतच राहील. पुस्तकाच्या नावाचं भाषांतर सूचीत करायचं नाही. निबंधाच्या मजकुरात हवं तर एकदा अर्थ सांगा, सूचीत मात्र जे छापलंय तेच. एवढं पाळलं असतं तर त्या मुलीच्या सूचीत ताराबाईंचं पुस्तक दुसऱ्याच्या नावावर गेलं नसतं.

आकड्यांचंही तेच सूत्र. निबंधाच्या मजकुरात आणि नोंदीच्या सुरुवातीला देवनागरी आकडे, रोमन तपशिलात रोमन.

वर्णक्रम लावताना ओ'हॅन्लन, कीर, थरू, फुले, रमाबाई, शिंदे असा क्रम येईल. संगणकाला यादी क्रमानं लावायला सांगितली तरी शेवटी एकदा डोळ्यांनी तपासा. 'ॲ'नं सुरू होणारी नावं काही वेळा भलतीकडे जाऊन बसतात. क्ष आणि ज्ञ कुठे ठेवायचे यावर कोशांमध्येच एकमत नाही. तुम्ही एक जागा ठरवा म्हणजे झालं.

आता नावं. इंग्रजी नावाचं देवनागरी एकदाच ठरवायचं आणि वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवायचं. मी 'ओ'हॅन्लन' लिहितो, तुम्ही 'ओहॅनलन' लिहा, हरकत नाही. पण पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकच. आपल्या माणसांच्या नावांतही हा घोळ असतो. जोतीराव, ज्योतीराव, जोतिबा, तिन्ही रूपं छापलेली सापडतात. कीर यांच्या इंग्रजी चरित्राच्या नावात आडनावाचं रोमन स्पेलिंग एक आहे आणि ओ'हॅन्लन यांच्या १९८५ च्या फुल्यांवरच्या पुस्तकात दुसरंच. पुस्तकाच्या नावात असेल ते तसंच उतरवायचं, सुधारायला जायचं नाही. आपल्या वाक्यात मात्र एकच रूप. 'के. ललिता' यांच्या नावातलं 'के.' हे आद्याक्षर आहे, म्हणून त्यांना 'क' मध्ये शोधायचं नाही. रमाबाईंना 'प' मध्ये टाकू नका, पंडिता ही पदवी आहे.

इथे एक गोष्ट मुद्दाम तपासा. आपल्या निबंधात पुरुष आडनावानं येतात आणि बायका पहिल्या नावानं. 'फुले म्हणतात', 'मालशे लिहितात', पण 'ताराबाई सांगतात'. हा लेखही त्याला अपवाद नाही, बघा. मराठीत ताराबाई आणि रमाबाई ही नावं इतकी रुळलेली आहेत की मजकुरात ती बदलली तर कृत्रिम वाटेल. पण कंसात आणि सूचीत शिंदे म्हणजे शिंदेच. तिथं सवलत नको.

मराठीत आणखी एक पंचाईत आहे, जी इंग्रजीत लिहिणाऱ्याला फारशी जाणवत नाही. लेखक बाई आहे की पुरुष, हे ठाऊक नसेल तर वाक्य पुढे सरकत नाही. 'ओ'हॅन्लन म्हणाला' असं मी खरोखर वाचलंय. वर्तमानकाळातलं आदरार्थी 'म्हणतात', 'दाखवतात' वापरलं की क्रियापदापुरती सुटका होते, पण पुढच्या वाक्यात 'ते' की 'त्या' हा प्रश्न येतोच. पुस्तकाच्या मलपृष्ठावरचा परिचय वाचायला दोन मिनिटं लागतात. तेवढी द्या. आणि आदर सगळ्यांना सारखा द्या. देशी लेखकांना 'ते' आणि परदेशी लेखकांना 'तो' असं नकळत होत असतं. 'डॉ.' आणि 'प्रा.' संदर्भातून काढून टाका. एकाला लावलं की सगळ्यांना लावावं लागतं आणि कोणाला कधी डॉक्टरेट मिळाली ते शोधत बसावं लागतं.

राहिलं 'तत्रैव'. जुन्या मराठी ग्रंथांत तळटीपेत 'तत्रैव' दिसतं, म्हणजे 'वर सांगितलेल्याच ठिकाणी'. शब्द देखणा आहे, वापरायचा मोह होतो. पण आपण आता संगणकावर लिहितो, परिच्छेद वर-खाली हलवतो. कीर यांच्या तळटीपेखालचं 'तत्रैव' परिच्छेदासकट उचलून थरू-ललिता यांच्याखाली गेलं की कीर यांचं वाक्य त्या दोघींच्या नावावर जमा होतं, आणि हे कोणालाच कळत नाही. कच्च्या खर्ड्यात तरी प्रत्येक ठिकाणी आडनाव आणि साल पूर्ण लिहा. वापरायचंच असेल तर अगदी शेवटच्या प्रतीत वापरा.

ती शेवटची प्रत कागदावर काढा. एक जण निबंध वाचेल आणि कंस आला की मोठ्यानं म्हणेल, 'शिंदे, अठराशे ब्याऐंशी, एकोणीसशे पंच्याहत्तर'. दुसरा सूचीत त्या नोंदीवर पेन्सिलनं खूण करेल. कंस आहे पण नोंद नाही, हे लगेच सापडतं. मग सूचीत ज्या नोंदींवर एकही खूण नाही त्या बघा. ती पुस्तकं तुम्ही निबंधात वापरलेलीच नाहीत, वजन वाढवायला घातलीत. खोडा. दहा पानांच्या निबंधाला या सगळ्याला चहासकट तासभर लागतो.

त्या मुलीला निबंध परत दिला तेव्हा सूचीतल्या त्या ओळीखाली रेघ मारून एवढंच लिहिलं होतं : 'मालशे कुठे आहेत?' पुढच्या आठवड्यात ती जिल्हा ग्रंथालयात जाऊन आली. पुस्तक मिळालं. तिच्या निबंधातली चार अवतरणं बदलली आणि पाचवं तिनं स्वतःहून काढून टाकलं, कारण मराठीत तसं वाक्य तिला कुठे सापडेचना.